जव्हारचा पाऊस कितव्या बाइटवर आहे? रो-मेजर आणि कॉलम-मेजरचं गणित

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत किंवा नेट-सेटला डेटा स्ट्रक्चर्सवर एक प्रश्न हमखास दिसतो. अ‍ॅरेच्या सीमा दिलेल्या असतात, बेस अ‍ॅड्रेस दिलेला असतो आणि अमुक घटकाचा पत्ता विचारलेला असतो. बरेच जण सूत्र पाठ करतात, दोन गुण घेतात आणि विसरून जातात. पण संशोधनात शिरल्यावर हेच गणित वेगळ्या वेषात परत भेटतं, आणि तिथं उत्तर चुकलं तर लाल शेरा मारायला कोणी नसतं. म्हणून आज सूत्रं समजून घेऊ, परीक्षेतलं एक उदाहरण पूर्ण सोडवू आणि मग तेच गणित जव्हार-मोखाड्याच्या पावसावर लावू.

आधी मूळ अडचण. मेमरी ही एकच लांबच लांब रांग असते. बाइट क्रमांक ०, १, २, ३... बस. तिला ओळी नसतात, स्तंभ नसतात. आपण डोक्यात तक्ता धरतो, पण साठवताना तो तक्ता उलगडून एका रेषेत मांडावा लागतो. उलगडायच्या दोन सरळ पद्धती आहेत. पहिली ओळ पूर्ण लिहायची, मग दुसरी, मग तिसरी: हे झालं रो-मेजर. पहिला स्तंभ वरून खाली पूर्ण लिहायचा, मग दुसरा: हे कॉलम-मेजर. सी आणि पायथनमधलं नम्पाय मुळात पहिली पद्धत वापरतात. फोरट्रान, मॅटलॅब आणि आर दुसरी.

सूत्र आता आपणच काढू. अ‍ॅरे `A[L1..U1, L2..U2]` असा आहे. ओळी किती? `m = U1 - L1 + 1`. स्तंभ किती? `n = U2 - L2 + 1`. तो `+ 1` विसरू नका. सीमा १ पासून असेल तर तो विसरला तरी लक्षात येतं, पण सीमा -२ पासून असली की गाडी तिथंच घसरते.

रो-मेजरमध्ये `A[i, j]` पर्यंत पोचायचं तर आधी `i` च्या वरच्या सगळ्या ओळी ओलांडायच्या. अशा ओळी `i - L1` इतक्या, आणि प्रत्येक ओळीत `n` घटक. मग आपल्या ओळीत `j - L2` घरं पुढं. एकूण जेवढे घटक ओलांडले त्याला एका घटकाच्या आकाराने, म्हणजे `W` बाइटने, गुणायचं आणि बेस `B` मध्ये मिळवायचं. कॉलम-मेजरमध्ये हेच, फक्त ओळींऐवजी पूर्ण स्तंभ ओलांडायचे, आणि एका स्तंभात `m` घटक असतात.

```
रो-मेजर   : B + W * [ (i - L1) * n + (j - L2) ]
कॉलम-मेजर : B + W * [ (j - L2) * m + (i - L1) ]
```

इथं एक गोष्ट नीट बघा, कारण गोंधळ नेमका इथंच होतो. रो-मेजरच्या सूत्रात गुणायला येते ती स्तंभांची संख्या, ओळींची नाही. नाव 'रो' आहे म्हणून पुष्कळ जण `m` ने गुणतात. एका ओळीची लांबी किती, असा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर आपोआप `n` येतं.

आता परीक्षेचं उदाहरण. `A[-2..5, 3..12]` हा अ‍ॅरे पत्ता २००० पासून साठवला आहे आणि प्रत्येक घटक ४ बाइटचा आहे. (अ) `A[3, 10]` चा पत्ता दोन्ही पद्धतींनी काढा. (ब) पत्ता २१८० वर कोणता घटक आहे?

```
m = 5 - (-2) + 1 = 8
n = 12 - 3 + 1  = 10
i - L1 = 3 - (-2) = 5
j - L2 = 10 - 3   = 7

रो-मेजर   : 2000 + 4 * (5 * 10 + 7) = 2000 + 4 * 57 = 2228
कॉलम-मेजर : 2000 + 4 * (7 * 8 + 5)  = 2000 + 4 * 61 = 2244
```

(अ) झालं. (ब) उलटा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तोच जास्त कामाचा. पत्त्यातून बेस वजा करा, ४ ने भागा: `(2180 - 2000) / 4 = 45`. म्हणजे आपल्या आधी ४५ घटक आहेत. रो-मेजर असेल तर ४५ ला ओळीच्या लांबीने, १० ने, भागायचं. भागाकार ४, बाकी ५. म्हणजे चार ओळी ओलांडून पाच घरं पुढं, `i = -2 + 4 = 2`, `j = 3 + 5 = 8`. घटक `A[2, 8]`. कॉलम-मेजर असेल तर ४५ ला ८ ने भागायचं. भागाकार ५, बाकीही ५. आता भागाकार स्तंभ सांगतो आणि बाकी ओळ सांगते, म्हणून `j = 8`, `i = 3`, घटक `A[3, 8]`. पत्ता तोच, पण साठवण्याची पद्धत बदलली की घटक बदलला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच सगळं उभं आहे.

तीन मितींत काय होतं? खूप पुस्तकांत इथं 'प्लेन' हा शब्द येतो, आणि प्लेनचा निर्देशांक कधी पहिला तर कधी शेवटचा धरलेला असतो. त्या वादात पडू नका. नियम एवढाच: रो-मेजरमध्ये शेवटचा निर्देशांक सगळ्यात भरभर फिरतो, कॉलम-मेजरमध्ये पहिला. घराच्या मीटरवर एककाचा आकडा भरभर फिरतो आणि शतकाचा हळू, तसं. लांब्या `p, m, n` आणि निर्देशांक शून्यापासून `k, i, j` धरले, तर

```
रो-मेजर   : B + W * [ (k * m + i) * n + j ]
कॉलम-मेजर : B + W * [ (j * m + i) * p + k ]
```

आता जव्हार. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळं इथल्या नागली-वरईवर, भातावर किंवा पाणीटंचाईवर काम करायचं कोणी ठरवलं की पहिली गरज लागते ती रोजच्या पावसाच्या आकड्यांची. भारतीय हवामान विभाग (आयएमडी) असा संच देतो. देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून ०.२५ अंशाच्या जाळीवर रोजचा पाऊस काढलेला असतो. ही जाळी कशी तयार केली, ते २०१४ मध्ये 'मौसम' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात आहे. त्यात ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत आणि संच १९०१ पासूनचा आहे.

एका वर्षाची एक बायनरी फाइल मिळते. तिला शीर्षक नाही, स्तंभांची नावं नाहीत, सलग ४ बाइटचे दशांश आकडे आहेत, एवढंच. सोबतच्या माहितीत लिहिलेलं असतं की जाळी १३५ × १२९ बिंदूंची आहे, पहिला आकडा ६.५ उत्तर आणि ६६.५ पूर्व या बिंदूचा, दुसरा ६.५ उत्तर आणि ६६.७५ पूर्व या बिंदूचा, आणि शेवटचा ३८.५ उत्तर, १०० पूर्वचा. डेटा नसेल तिथं -९९९ असतं, उदाहरणार्थ समुद्रावर.

या दोन ओळींत सगळं उत्तर आहे. पहिल्याकडून दुसऱ्या आकड्याकडे जाताना रेखांश बदलला, अक्षांश तोच राहिला. म्हणजे रेखांश भरभर फिरतो. रेखांश किती? ६६.५ ते १०० पर्यंत पाव अंशाने, १३५. अक्षांश १२९. दिवस सगळ्यात हळू. तर रो-मेजर भाषेत हा अ‍ॅरे `[365][129][135]` आहे.

जव्हार साधारण १९.९१ उत्तर, ७३.२३ पूर्व. सगळ्यात जवळचा जाळीबिंदू २०.० उत्तर, ७३.२५ पूर्व. लीप नसलेल्या वर्षाचा १ जुलै घेऊ. जून संपेपर्यंत १८१ दिवस झालेले असतात, म्हणून शून्यापासून मोजलं तर १ जुलैचा निर्देशांक १८१.

```
k = 181
i = (20.00 - 6.5)  / 0.25 = 54
j = (73.25 - 66.5) / 0.25 = 27

(181 * 129 + 54) * 135 + 27 = 3159432
3159432 * 4 = 12637728
```

बेस शून्य, कारण फाइलची सुरुवात शून्याव्या बाइटपासून. जव्हारचा १ जुलैचा पाऊस १,२६,३७,७२८ व्या बाइटपासून पुढच्या ४ बाइटांत आहे. पूर्ण फाइल न उघडता थेट तिथं जाता येतं:

```python
import numpy as np
x = np.fromfile("rain.grd", dtype=np.float32,
                count=1, offset=12637728)
```

(जाता जाता: आयएमडीचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळं १ जुलैचा आकडा म्हणजे ३० जूनच्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस. बातमीतल्या तारखेशी एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच सूत्रावर संशय घेऊ नका.)

आता गंमत. माहितीत 'जाळी १३५ × १२९' असं लिहिलंय. ते वाचून एखादा सरळमार्गी विद्यार्थी असं लिहितो:

```python
a = np.fromfile("rain.grd", dtype=np.float32)
a = a.reshape(365, 135, 129)   # चूक
a[181, 27, 54]
```

नम्पाय काहीच बोलत नाही. बोलणार कसं? १३५ × १२९ आणि १२९ × १३५ दोन्ही १७,४१५. घटक नेमके तेवढेच आहेत, आकार जुळला, काम झालं. पण आता दिवसाच्या आत नम्पाय `27 * 129 + 54 = 3537` व्या घटकाकडे जातं. हेच नेमकं आपलं कॉलम-मेजरचं सूत्र आहे, नको त्या जागी लावलेलं. मग (ब) सारखा उलटा प्रश्न सोडवा: फाइलमध्ये ३५३७ व्या घरात खरंच काय आहे? १३५ ने भागा. भागाकार २६, बाकी २७. अक्षांश `6.5 + 26 * 0.25 = 13.0`, रेखांश ७३.२५. म्हणजे आपण जव्हार विचारलं आणि पोचलो मंगळुरूच्या पश्चिमेला, भर अरबी समुद्रात. उत्तर -९९९. जव्हारवाल्याचं नशीब चांगलं, चूक लगेच दिसली.

नागपूरवाल्याचं तसं नाही. नागपूरचा जवळचा बिंदू २१.२५ उत्तर, ७९.० पूर्व. `i = 59`, `j = 50`. चुकीच्या सूत्राने `50 * 129 + 59 = 6509`. उलटं सोडवा: ६५०९ ला १३५ ने भागलं की भागाकार ४८, बाकी २९. अक्षांश १८.५, रेखांश ७३.७५. हा पुण्याचा जाळीबिंदू आहे! विदर्भावरचा प्रबंध लिहिताना माणूस आख्खं वर्ष पुण्याचा पाऊस वापरेल, आणि आकडे अगदी शहाण्यासारखे दिसतील. जूनमध्ये सुरू, जुलैत जोर, ऑक्टोबरात ओसर. -९९९ नाही, ऋण संख्या नाही, काही नाही.

तिसरा प्रकारही बघून ठेवा. फाइल वाचताना `reshape((365, 129, 135), order="F")` दिलं की निर्देशांकांचा क्रम बरोबर असतो, पण उलगडण्याची पद्धत कॉलम-मेजर होते. जव्हारचा १ जुलै मागितला तर `(27 * 129 + 54) * 365 + 181 = 1291186` वा घटक मिळतो. याला आधी १७,४१५ ने भागा: भागाकार ७४, बाकी २४७६. चौऱ्याहत्तरावा निर्देशांक म्हणजे १६ मार्च. २४७६ ला १३५ ने भागलं की भागाकार १८, बाकी ४६. अक्षांश ११.०, रेखांश ७८.०. तमिळनाडूतलं करूर. मार्चमध्ये तिथं बहुतेक दिवस कोरडे, त्यामुळं हाती येणार बहुधा ०. आणि शून्य हे तर 'पाऊस पडला नाही' असं वैध उत्तर आहे. स्थळ चुकलं, तारीखही चुकली.

मग ओळखायचं कसं? फाइलचा आकार तपासणं उपयोगाचं आहे, पण अर्धवट. `365 * 129 * 135 * 4 = 25425900` बाइट, लीप वर्षी २,५४,९५,५६०. यावरून लीप वर्ष आणि ४ बाइटऐवजी ८ बाइट धरल्याची चूक पकडता येते. क्रमाची चूक मात्र नाही, कारण गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नसतं.

खरी तपासणी नकाशाने होते. कुठल्याही एका दिवसाचा थर चित्र म्हणून काढा आणि -९९९ ला वेगळा रंग द्या. क्रम बरोबर असेल तर भारताचा आकार दिसतो (फार तर वरखाली उलटा, कारण फाइल दक्षिणेकडून सुरू होते). १३५ ऐवजी १२९ ची ओळ धरली असेल तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ६ घरं सरकत जाते आणि देश तिरक्या पट्ट्यांत वाहून गेल्यासारखा दिसतो. `order="F"` ची चूक असेल तर आकारच राहत नाही, नुसती भुरभुर. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आकड्यांच्या तक्त्याकडे कितीही टक लावून बघितलं तरी जे दिसत नाही ते चित्रात एका नजरेत दिसतं. चित्र काढणं शक्य नसेल तर एक जमिनीवरचा आणि एक समुद्रातला बिंदू तपासा, पण ते असे निवडा की चुकीचं सूत्र त्यांना वेगळ्या ठिकाणी नेईल. वर बघितलंच, जव्हार यासाठी चालतं, नागपूर चालत नाही.

मग '१३५ × १२९' हे माहितीत चूक आहे का? नाही. फोरट्रानमध्ये `R(135, 129)` लिहिलं की पहिला निर्देशांक भरभर फिरतो, म्हणजे रेखांश. सीमध्ये `r[129][135]` लिहिलं की शेवटचा भरभर फिरतो, म्हणजे पुन्हा रेखांशच. फाइलमधले बाइट तेच आणि त्याच क्रमाने. हवामानशास्त्रात फोरट्रानची परंपरा जुनी, त्यामुळं भरभर फिरणारी मिती आधी सांगायची सवय तिथं दिसते. म्हणून 'ही फाइल रो-मेजर आहे की कॉलम-मेजर' हा प्रश्नच अपुरा आहे. निर्देशांक कोणत्या क्रमाने लिहिणार ते ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. फाइलबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा: कुठली मिती एकाने वाढवली की किती बाइट पुढं जावं लागतं?

या उडीला स्ट्राइड म्हणतात, आणि नम्पाय ती सांगतं. योग्य आकार दिल्यावर `a.strides` विचारा, उत्तर येतं `(69660, 540, 4)`. रेखांशाला ४ बाइट, अक्षांशाला `135 * 4 = 540`, दिवसाला `129 * 135 * 4 = 69660`. पत्ता म्हणजे बेस अधिक प्रत्येक निर्देशांक गुणिले त्याची उडी. रो-मेजर, कॉलम-मेजर, तीन मिती, पाच मिती, सगळी सूत्रं या एका वाक्यातून निघतात. परीक्षेत सूत्र आठवलं नाही तर आधी उड्या काढा, पत्ता आपोआप येतो.

उडीवरून वेगही कळतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, सहसा ६४ बाइटचा तुकडा उचलतो, म्हणजे आपले १६ आकडे. एका दिवसाचा पूर्ण नकाशा वाचताना ते सोळाच्या सोळा कामी येतात. पण फक्त जव्हारची वर्षभराची मालिका हवी असेल तर दर आकड्याला ६९,६६० बाइटची उडी, प्रत्येक तुकड्यातला एक आकडा घ्यायचा आणि पंधरा टाकून द्यायचे. एका गावासाठी हे जाणवतही नाही. शंभर वर्षांच्या फाइलींवर प्रत्येक बिंदूचा कल काढायचा असेल तर मात्र एकदाच `np.ascontiguousarray(a.transpose(1, 2, 0))` करून दिवस शेवटच्या मितीत आणा. नुसतं `transpose` पुरत नाही, ते फक्त उड्यांचा क्रम बदलतं, बाइट जागचे हलत नाहीत.

आता राहिला मोखाडा. तो साधारण १९.९३ उत्तर, ७३.३३ पूर्व. जवळचा अक्षांश २०.०. रेखांशासाठी ७३.२५ हे ०.०८ अंशावर आणि ७३.५ हे ०.१७ अंशावर, म्हणून ७३.२५. निर्देशांक काढा: `i = 54`, `j = 27`. जव्हारचेच! पत्ताही तोच, १,२६,३७,७२८. पाव अंश म्हणजे इथं उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६, आणि ही दोन्ही गावं त्या एका चौकटीत बसतात. त्यामुळं या संचावरून 'जव्हार विरुद्ध मोखाडा' अशी तुलना मांडली तर दोन मालिकांत फरक शून्य येईल आणि सहसंबंध बरोबर १. तो हवामानाबद्दल काही सांगत नाही, दोन्हीकडे तेच ४ बाइट वाचले एवढंच सांगतो. या दोन गावांतला फरक हवा असेल तर तिथल्या पर्जन्यमापकांच्या मूळ नोंदी मिळवाव्या लागतात, जाळीतून तो निघत नाही.

सरावासाठी एक सोडून देतो. पालघर शहर साधारण १९.७ उत्तर, ७२.७७ पूर्व धरा. लीप वर्षातल्या १५ ऑगस्टचा आकडा कितव्या बाइटपासून सुरू होतो? आणि दिवस बरोबर धरून फक्त अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली, तर तुम्ही नकाशावर कुठं जाऊन पडता? उत्तर कॉमेंटमध्ये लिहा, पण बाइटचा आकडा नुसता नको, `k, i, j` सकट द्या.